पिन कुठे लावायची? (नवीन मेंबरशिपच्या रीलची स्क्रिप्ट)

शूटच्या आधी सगळ्यांनी एवढं वाचून घ्या. ज्यांना जिमची भीती वाटते त्यांच्यासाठी ही रील आहे, त्यामुळे सिक्स पॅक नको, आधी-नंतरचे फोटो नको, धडाधड वाजणारं म्युझिक नको. भिंतीवरचं ते 'नो एक्स्क्यूजेस'वालं पोस्टर फ्रेममध्ये येऊ देऊ नका, खरं तर काढूनच टाकूया, मला ते कधीच आवडलं नाही. जे दारापर्यंत येऊन परत जातात ते आळशी नसतात हो, आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं काय करायचं हेच त्यांना माहीत नसतं. आपल्याला तेवढंच दाखवायचंय. बोलणार मी, पाठ करून नाही, त्यामुळे वाक्यं इकडची तिकडे झाली तरी कट म्हणू नका. लांबी साधारण चार मिनिटं, मोठी वाटली तरी असू दे, घाबरलेला माणूस शेवटपर्यंत बघतो.

शॉट १. सकाळ, जिमच्या बाहेर. फक्त पाय, कोरे करकरीत शूज. पाय दारापाशी थांबतात. हात हँडलपर्यंत जातो, मागे येतो, खिशातून फोन काढतो, कानाला लावतो. पाय निघून जातात. मागून जिमचा खरा आवाज, प्लेट ठेवल्याचा, ट्रेडमिलचा.

मी (आवाज): दारापर्यंत आला होतात ना? आणि मग फोन आल्यासारखं करून पुढे गेलात. मला माहितीये, कारण मी पण हेच केलंय.

शॉट २. मी, मशीनच्या बाकावर बसलेली, कॅमेरा माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. वरून घेऊ नका आणि खालून तर अजिबात नको.

मी: आज मी इथे ट्रेनर आहे. पण पहिल्यांदा मी जेव्हा एका जिममध्ये गेले ना, तेव्हा तीन आठवडे मी फक्त ट्रेडमिलवर चालले. आवडायचं म्हणून नाही, तर त्याच्यावर 'स्टार्ट' असं लिहिलेलं एक बटण होतं आणि बाकी कशावरच काही लिहिलेलं नव्हतं म्हणून. वजनांच्या बाजूला जायची हिंमतच व्हायची नाही. एक दिवस गेले, अशाच एका मशीनवर बसले, हँडल ओढलं, आणि काही म्हणजे काही हललं नाही. मला वाटलं माझ्यातच काही कमी आहे. उठले, बुटाची लेस बांधल्यासारखं केलं आणि घरी गेले. त्यानंतर चार महिने गेले नाही. मशीनला काही झालेलं नव्हतं आणि मलाही काही झालेलं नव्हतं. माझ्या आधीच्या माणसाने वजन ठरवायची पिन सगळ्यात खालच्या प्लेटला लावून ठेवली होती, बस. एवढंच. आणि 'ताई, ती पिन वर लावा' एवढं सांगायला तिथे कोणी नव्हतं.

(इथे दोन सेकंद थांबणार आहे, कापू नका.)

शॉट ३. पिनचा क्लोज-अप. माझा हात. ही या रीलची मेन जागा आहे, घाईत उरकू नका, प्लेट एकमेकींवर टेकल्याचा आवाज नीट येऊ दे.

मी: ही ती पिन. ओढायची, बाहेर येते. वरच्या एक-दोन प्लेट सोडून भोकात घालायची आणि पूर्ण आत ढकलायची, अर्धवट नाही. पिन ज्या प्लेटला लावली ती आणि तिच्या वरच्या, तेवढंच वजन उचललं जाणार, खालच्या तशाच बसून राहणार. मग सीट. सीटच्या खाली बघा, अशी एक खुंटी असते, ती ओढून सीट वर-खाली करायची. आणि हे मशीनच्या बाजूला चित्र दिसतंय का, रंगवलेला भाग? व्यायाम कुठल्या स्नायूंना होतो ते दाखवलंय. आठ ते बारा वेळा करायचं, याला एक सेट म्हणतात, आणि शेवटी अजून दोन-तीन वेळा जमलं असतं असं वाटलं पाहिजे, मग वजन बरोबर आहे. झालं. तुम्हाला एक मशीन वापरता येतं आता.

स्क्रीनवर: पिन. सीट. चित्र.

शॉट ४. जिममधली गर्दीची वेळ. एकेकाचे चेहरे, दोन सेटच्या मधे. कोणी घड्याळ बघतंय, कोणी छताकडे, एक काका ओठ हलवत किती वेळा झालं ते मोजतायत. (सगळ्यांची परवानगी घेतलीये, तरी परत एकदा विचारा. ज्यांना नको असेल त्यांच्याकडे कॅमेरा फिरवायचासुद्धा नाही.)

मी (आवाज): 'सगळे माझ्याकडे बघतील.' हे मला प्रत्येक नवीन माणूस सांगतो, कुठल्याही वयाचा. यावर एक प्रयोग झालाय. कॉर्नेल युनिव्हर्सिटीत थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालायला दिला आणि बाकीचे विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी शर्टवर काय होतं ते पाहिलं असणार. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच लक्षात आलं. २००० साली छापून आलंय ते. म्हणजे कोणीच बघत नाही असं मी म्हणणार नाही, एखादा बघतोच, पण तुम्हाला वाटतं त्याच्या निम्मे. आणि या काकांना तर आत्ता 'नऊ की दहा' एवढंच पडलंय.

शॉट ५. बार, रॅकवर, एकही प्लेट न लावलेला. एक नवीन मेंबर त्याच्यासमोर उभ्या.

नवीन मेंबर: रिकामाच उचलायचा का? बरं दिसत नाही ना ते.

मी: ताई, हा रिकामा बार २० किलोचा आहे.

नवीन मेंबर: नुसता बार?

मी: नुसता बार. याच्याने सुरुवात करायचीच नाही आपण. ते डंबेल घ्या, छातीपाशी दोन्ही हातांनी धरा, मागे बाक आहे त्याच्यावर बसल्यासारखं करा आणि उठा. हे स्क्वॉट झालं. बार दोन महिन्यांनी बघू, किंवा नाही बघितला तरी काही बिघडत नाही.

(हा शॉट एकदाच घ्यायचा. त्यांना मी आधी काहीच सांगितलेलं नाही, त्यांचं ते 'नुसता बार?' खरं यायला हवं.)

शॉट ६. पटापट तुकडे, वर माझा आवाज.

मी (आवाज): कोणी मशीनवर बसलंय आणि तुम्हाला ते हवंय, तर जवळ जायचं आणि विचारायचं, 'अजून किती सेट राहिलेत?' एवढं एक वाक्य पुरतं. वापरलेली वजनं जागेवर ठेवायची, बाक पुसायचा. ट्रेडमिलवर ती लाल दोरीची क्लिप असते ना, ती कपड्याला लावायची, मागे सरकलात तर पट्टा आपोआप थांबतो. आम्ही सगळे लावतो, त्यात नवखेपणा काही नाही.

शॉट ७. दुसरा दिवस, जिना. तोच कोरे शूजवाला माणूस कठड्याला धरून उतरतोय. चेहरा दाखवू नका, हसण्यावारी जाईल ते.

मी (आवाज): दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखेल. व्यायामानंतर २४ ते ७२ तासांत ते सगळ्यात जास्त असतं आणि मग उतरतं. पुढच्या वेळी तोच व्यायाम केला की कमी दुखतं. पण सांध्यात टोचल्यासारखं दुखलं, किंवा करता करता कळ आली, तर ते वेगळं, तेव्हा लगेच थांबायचं आणि आम्हाला सांगायचं. आणि अजून एक, पहिल्या काही आठवड्यांत आरशात फरक दिसला नाही तरी तुम्ही उचलता ते वजन वाढत जाईल. स्नायू मोठे व्हायच्या आधी मेंदू आणि नसा ते स्नायू वापरायला शिकत असतात. म्हणून महिनाभरात 'काहीच झालं नाही' म्हणून सोडू नका प्लीज, आतमध्ये खूप काही झालेलं असतं.

शॉट ८. परत मी, त्याच बाकावर. इथे मेंबरशिपचं सांगायचंय, आवाज चढवायचा नाही, आत्तापर्यंत बोलले तसंच.

मी: आमच्याकडे नवीन लोकांची बॅच चार जणांची असते, जास्त घेतच नाही. पहिले दोन आठवडे, सहा वेळा, ट्रेनर तुमच्यासोबत असतो. लांब उभं राहून नाही, शेजारी. पहिल्या दिवशी सात प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतो, हृदय, चक्कर, हाडं-सांधे, चालू असलेली औषधं असले प्रश्न, आणि कशाचं उत्तर हो आलं तर आधी डॉक्टरांना विचारून या म्हणतो. सगळ्यांसमोर वजन करत नाही. वजन करायचंच नसेल तर करत नाही. फोटो काढत नाही. त्यानंतर आठवड्यातून दोन दिवस या. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून निदान दोन दिवस करायला सांगते, तेवढ्याने सुरुवात चांगली होते. बाकीच्या दिवशी भरभर चाला, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत.

मेंबरशिप महिन्याची आहे, वर्षाची सक्ती नाही. सहा सेशन झाल्यावर वाटलं की हे आपल्यासाठी नाही, तर तसं सांगा, मी कारण विचारणार नाही आणि रोज फोन पण करणार नाही.

आणि आधी नुसतं बघून जायचं असेल तर दुपारी २ ते ४ या. तेव्हा सगळ्यात कमी लोक असतात. व्यायामाचे कपडे नकोत, काही नको. सोबत कोणाला आणलंत तरी चालेल.

स्क्रीनवर: बघायला या. दुपारी २ ते ४.

शॉट ९. पुन्हा बाहेर, दार. तेच पाय, तेच शूज, थोडे मळलेले. या वेळी दार आतून उघडतं, माझा हात दिसतो.

मी (आवाज): या ना आत. शूज तिथे काढायचे नाहीत, असेच या. मशीन डावीकडे आहे, पिन मी वर लावून ठेवलीये.

(पाय आत येतात. दार बंद होईपर्यंत कॅमेरा चालू ठेवा. नंतर म्युझिक नाही, लोगो नाही, जिमचा आवाज तसाच दोन सेकंद.)

रीलखाली टाकायचं:

जिमला जायचंय पण दारातूनच परत फिरता? कमेंटमध्ये फक्त 'पिन' लिहा, आम्ही मेसेज करून तुमची बघायला यायची वेळ ठरवू. नवीन बॅच सोमवारपासून, चार जागा. पहिल्या सहा सेशनला ट्रेनर शेजारी. सगळ्यांसमोर लिहायचं नसेल तर थेट मेसेज करा, मी स्वतः उत्तर देते, रात्री दहापर्यंत. आणि तुमच्या ओळखीत कोणी कोरे शूज घेऊन घरी बसलं असेल तर त्यांना टॅग करू नका, त्यांना अवघडल्यासारखं होतं, नुसती रील पाठवा.