कौपिनेश्वर मंदिरात रविवारी महाशिवरात्र. जांभळी नाका ते चिंतामणी चौक रस्ता वाहनांसाठी बंद

प्रसिद्धीपत्रक
ठाणे, बुधवार, ११ फेब्रुवारी २०२६

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. खालील मजकूर आपल्या दैनिकात शनिवार, १४ फेब्रुवारीच्या अंकात प्रसिद्ध करावा, ही विनंती. जागा कमी असल्यास वाहतूक आणि वेळापत्रक हे दोन भाग आधी घ्यावेत. बाकीचा मजकूर कापला तरी चालेल.

ठाणे : मासुंदा तलावाकाठच्या श्री कौपिनेश्वर मंदिरात महाशिवरात्रीचा उत्सव रविवार, १५ फेब्रुवारी रोजी साजरा होत आहे. माघ वद्य चतुर्दशी रविवारी सायंकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी लागते आणि सोमवारी सायंकाळी ५.३४ पर्यंत राहते. महाशिवरात्रीला मध्यरात्रीची, म्हणजे निशीथकाळाची चतुर्दशी धरतात. ती रविवारच्या रात्रीच मिळत असल्याने उपवास रविवारी आणि पारणे सोमवारी सकाळी सूर्योदयानंतर करावे. सोमवारी दिवसभर चतुर्दशी दिसते म्हणून काही जण सोमवारी उपवास धरण्याच्या विचारात आहेत. मंदिरात तशी विचारणा रोज होत असल्याने हा खुलासा.

दर्शन रविवारी पहाटे साडेपाचला सुरू होईल आणि रात्रभर चालू राहून सोमवारी दुपारी १२ ला थांबेल. त्याआधीची तयारी अशी : शनिवारी रात्री साडेनऊला मंदिर बंद करून गाभारा, सभामंडप आणि प्रांगण धुतले जाईल. रविवारी पहाटे साडेतीनला काकड आरती, चार ते साडेपाच महापूजा आणि लघुरुद्र. या दोन तासांत भाविकांना आत सोडता येणार नाही. त्यामुळे पहाटे तीनपासून दाराशी उभे राहून काही साधत नाही. रांग पाच वाजता लावायला घेतली जाईल.

दुपारी चार ते सहा सभामंडपाबाहेरच्या मांडवात कीर्तन होईल. रात्री चार प्रहरांची पूजा प्रथेप्रमाणे होईल : पहिल्या प्रहरी, सूर्यास्तानंतर सुमारे पावणेसातला, दुधाचा अभिषेक, दुसऱ्या प्रहरी पावणेदहाला दह्याचा, तिसऱ्या प्रहरी एकच्या सुमारास तुपाचा आणि चौथ्या प्रहरी पहाटे चारला मधाचा. निशीथकाळ मध्यरात्री १२.२८ ते १.१७ असा आहे. प्रत्येक प्रहराच्या आरतीला रांग साधारण पंधरा मिनिटे थांबेल. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद राहतील. नियम तसा आहेच, शिवाय बारावीची परीक्षा सुरू असून सोमवारी पेपर असलेली मुले आसपासच्या घरांत अभ्यासाला बसलेली असतील. रात्रीचा रुद्रपाठ ध्वनिक्षेपकाशिवाय होईल. सोमवारी सकाळी ११ ते २ खिचडी आणि ताकाचा प्रसाद, तर सायंकाळी सहाला तलावाभोवती पालखी.

वाहतूक

रविवारी पहाटे ३ ते सोमवारी पहाटे ६ या वेळेत जांभळी नाका ते चिंतामणी चौक हा रस्ता सर्व वाहनांना बंद राहील. त्यातून रिक्षा आणि दुचाकीही सुटलेल्या नाहीत. रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलिसांच्या गाड्यांना मात्र मुभा आहे. तिथल्या रहिवाशांनी पत्त्याचा पुरावा जवळ ठेवावा. तो दाखवल्यावर दुचाकी हाताने ढकलत नेता येईल.

कोर्ट नाक्याकडून स्थानकाकडे जाणाऱ्या हलक्या वाहनांनी टेंभी नाका, टॉवर नाका, डॉ. मूस चौक आणि गडकरी चौक या मार्गाने जावे. स्थानकाकडून जांभळी नाक्याकडे येणारी वाहने चिंतामणी चौकात वळवून डॉ. मूस चौक, टॉवर नाका, टेंभी नाकामार्गे कोर्ट नाक्याला सोडली जातील. नौपाडा, घंटाळीकडून येणाऱ्यांनी तलावपाळीपर्यंत गाडी आणूच नये. गडकरी चौकाच्या अलीकडेच रांगा लागतात आणि मग ना पुढे जाता येते ना मागे वळता येते. कळवा, खारेगावकडून येणाऱ्यांना कोर्ट नाक्याला उतरून चालत येणे सोयीचे.

बाजारपेठेतील व्यापाऱ्यांसाठी : किराणा आणि भाजीच्या टेम्पोंचा माल शनिवारी रात्री ११ पर्यंत उतरवून घ्यावा. पहाटे तीनला अडसर लावले जातात, त्या वेळी एखादा टेम्पो मधोमध रिकामा होत असला की पूर्ण रांगेची आखणी बिघडते. फूल आणि बेलविक्रेत्यांनी दुकानाच्या रेषेच्या आत बसावे. पदपथावर टोपली आली की लोक रस्त्यावर उतरतात आणि रांग तिथेच फुटते.

गाडी आणणे टाळता येत नसेल तर गावदेवी मैदानाखालच्या वाहनतळाचा उपयोग करावा. तिथली जागा मर्यादित आहे आणि रविवारी सकाळी नऊच्या पुढे ती मिळेल याची खात्री नाही. तलावाच्या कडेने लावलेल्या गाड्या उचलल्या जातील. सगळ्यात बरे म्हणजे रेल्वे किंवा बसने स्थानकात उतरून चालत येणे. ठाणे स्थानकाच्या पश्चिमेकडून मंदिर पायी दहा-बारा मिनिटांवर आहे. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असल्यास त्याची वेळ पाहूनच घरातून निघावे. ही व्यवस्था वाहतूक पोलिसांबरोबरच्या बैठकीत ठरली आहे. त्यांच्या अधिसूचनेत ऐन वेळी काही बदल झाल्यास तो अंतिम समजावा.

रांग आणि दर्शन

प्रवेश बाजाराकडील दारातून आणि बाहेर पडणे तलावाच्या बाजूने, अशी एकदिशा व्यवस्था आहे. म्हणून चपला प्रवेशद्वाराशी काढून ठेवू नयेत. त्या घ्यायला परत येणारी माणसे आत येणाऱ्या रांगेच्या उलट चालतात आणि दाराशी चेंगराचेंगरीसारखी स्थिती होते. कापडी पिशवी आणावी, चपला तीत घालून बरोबर ठेवाव्यात. ज्येष्ठ नागरिक, गरोदर महिला आणि अपंगांसाठी तलावाच्या बाजूने वेगळी रांग आहे. त्यांच्यासोबत एकच व्यक्ती सोडली जाईल.

गाभाऱ्यासमोर एका भाविकाला साधारण दहा सेकंद मिळतात. दोन रांगा मिळून तासाला सुमारे सातशे जणांचे दर्शन होते. रांग चिंतामणी चौकापर्यंत गेली की त्यात अंदाजे हजार माणसे असतात, म्हणजे दीड तास धरून चालावे. सकाळी ६ ते १० आणि सायंकाळी ६ ते रात्री ११ ही गर्दीची वेळ. दुपारी १२ ते ३ आणि मध्यरात्री दीडनंतर रांग बरीच आखूड असते. दुपारच्या रांगेवर मांडव आहे, पिण्याचे पाणीही ठेवले आहे. तरीही निर्जळी उपवास करणाऱ्यांनी आणि मधुमेहींनी उन्हाची वेळ टाळावी.

या दिवशी गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणा बंद राहील. शंकराची प्रदक्षिणा अर्धी असते, सोमसूत्र ओलांडायचे नसते. म्हणजे पन्हाळीपाशी पोहोचलेला प्रत्येक भाविक त्याच अरुंद वाटेने मागे फिरतो आणि समोरून येणाऱ्यावर आदळतो. गर्दीत पडण्याचा सर्वांत मोठा धोका याच जागी. त्यात तिथली फरशी अभिषेकाच्या पाण्याने ओली असते.

पिंडीवर स्वतः अभिषेक करता येणार नाही. भाविकांनी आणलेले पाणी किंवा दूध गाभाऱ्याबाहेरच्या तांब्याच्या घंगाळात ओतावे. तिथून ते गुरुजींमार्फत पिंडीवर वाहिले जाईल. एका कुटुंबामागे एक छोटा तांब्या पुरे. पिशवीतले दूध दात लावून फोडण्याची घाई होते, पिशवीचा तो कोपरा दुधाबरोबर पन्हाळीत जातो, त्यावर बेलाची पाने साचतात आणि पाणी गाभाऱ्यात चढते. दूध आणायचेच तर घरून तांब्यात आणावे. जास्तीचे दूध न फोडता प्रसाद विभागाकडे द्यावे, ते तापवून रांगेतल्या मुलांना दिले जाईल. बेल तीन दलांचा, कीड न लागलेला, धुऊन आणावा. दोऱ्यात ओवलेले हार आणि टाचण्या लावलेल्या फुलांच्या माळा आत नेता येणार नाहीत. नारळ गाभाऱ्यात फोडू नयेत, त्यासाठी प्रांगणात जागा आहे.

निर्माल्याचे दोन पिंप ठेवले आहेत : एक फक्त फुले-पाने, दुसरा दोरे, कागद, द्रोण, अगरबत्तीची वेष्टने. पहिल्यातल्या निर्माल्याचे खत होते, त्यात दोरा मिसळला की सगळे हाताने निवडावे लागते. मासुंदा तलावात फुले किंवा दूध टाकू नये, असे कळकळीने सांगावेसे वाटते. दूध पाण्यात कुजताना विरघळलेला प्राणवायू संपवते आणि दोन-तीन दिवसांत मासे मरून वर येतात. ज्याच्या काठी हे मंदिर उभे आहे, त्या तलावाची राखण हाही या उत्सवाचाच भाग आहे.

उपवासाच्या पदार्थांबाबत एक सूचना. भगर आणि भगरीचे सुटे पीठ जुने किंवा दमट जागी ठेवलेले असेल तर त्याला बुरशी लागते आणि विषबाधा होते. बंद पाकिटातली भगर घ्यावी, निवडून धुऊन वापरावी, पीठ लागले तर घरीच दळावे. मंदिरात रविवारी केळी आणि राजगिऱ्याचा लाडू एवढाच प्रसाद आहे.

रांगेत गळ्यातले दागिने टाळावेत. लहान मुलांच्या खिशात पालकांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. हरवलेल्या मुलांसाठीचा कक्ष तलावाकडील बाहेर पडण्याच्या वाटेवर आहे, प्रथमोपचार कक्षही तिथेच. तातडीच्या मदतीसाठी पोलीस ११२, रुग्णवाहिका १०८.

मंदिराविषयी थोडक्यात : मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे पोर्तुगीजांकडून घेतले. त्यानंतर १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी हे मंदिर बांधले. १८७९ मध्ये लोकवर्गणीतून त्याचा जीर्णोद्धार झाला. प्रांगणात ब्रह्मदेव, राम, मारुती, दत्तात्रेय, शीतलादेवी आदी देवतांची मंदिरे आहेत. महाशिवरात्रीला ती सर्व खुली राहतील, पण त्यांच्या दर्शनासाठी मुख्य रांगेतून बाहेर पडल्यावरच वळावे.

छायाचित्रकारांसाठी : गाभाऱ्यात छायाचित्रणास परवानगी नाही. सभामंडपाच्या डाव्या बाजूला चौथरा केला आहे. रविवारी सकाळी ७ ते ७.३० आणि रात्री ९.४५ च्या आरतीला तिथून छायाचित्रे घेता येतील. ओळखपत्र बरोबर आणावे आणि तलावाच्या बाजूने आत यावे.

आपला,
प्रसिद्धी विभाग
महाशिवरात्र उत्सव व्यवस्था, श्री कौपिनेश्वर मंदिर
जांभळी नाका, ठाणे (पश्चिम)