चौतीस पूर्णांक दहा

"हे खोड आणि पुढे चल," ओंकार म्हणाला. "उद्या अकराला जर्नल द्यायचंय."

मृण्मयीने पेन्सिल ग्राफपेपरवरून उचलली नाही. लांबीसमोर T² मांडलेल्या आलेखात साठ, सत्तर, नव्वद आणि शंभर सेंटिमीटरचे चार बिंदू पट्टी लावल्यासारखे एका रेषेत होते. ऐंशीचा तेवढा पाच बारीक घरं खाली.

प्रयोग साध्या लंबकाचा: दोऱ्याला टांगलेला गोळा, म्हणजे बॉब, झुलवायचा. प्रत्येक लांबीला वीस आंदोलनांची वेळ तीनदा घ्यायची, सरासरीला विसाने भागून एका आंदोलनाचा वेळ T काढायचा, आणि त्यावरून गुरुत्वीय त्वरण g. ऐंशीच्या रांगेत तीन आकडे होते: ३५.९२, ३४.१०, ३५.८८. तिन्ही धरले तर सरासरी ३५.३०, T² ३.१२ आणि g येतो १०.१४. मधला आकडा वगळला तर T² ३.२२ आणि g ९.८०.

"तिनात दोन जुळतात," ओंकारचं चालूच. "टायट्रेशनला आपण पहिलं रीडिंग सोडतोच की."

"ते पायलट असतं. अंत्यबिंदू साधारण कुठे येतो ते बघायला मुद्दाम भराभर टाकतो. हे आपण नीट घेतलेलं रीडिंग आहे. का चुकलं ते सांग, मग खोडते."

"दोरा सरकला असेल."

"कॉर्कच्या फटीतून दोरा सरकला तर बॉब खाली येणार. लांबी वाढली की वेळ वाढतो, इथे कमी झालाय. आणि ३४.१० यायला लांबी बहात्तर सेंटिमीटर लागते. आठ सेंटिमीटर दोरा आपोआप वर चढला आणि तिसऱ्या रीडिंगला परत उतरला?"

"मग जास्त लांब ओढून सोडला असेल."

"त्यानेही वेळ वाढतो, आणि किती? दहा अंशांना हजारात दोन. इथे शंभरात पाचचा फरक आहे, तोही उलट्या बाजूने."

"पंखा? बॉब लंबगोल फिरला?"

"एवढ्याने पावणेदोन सेकंद जातात होय?"

स्टॉपवॉच दाबायला झालेला उशीर तर दोघांनीही मोजला नाही. तो दोन्ही टोकांना मिळून पाव सेकंदाच्या आसपास राहतो, आणि तेवढा तर प्रत्येकच रीडिंगमध्ये असतो.

ओंकारने कॅल्क्युलेटर ओढला. ३५.९० वजा ३४.१०. पडद्यावर १.८ आलं. मग ३४.१० भागिले १.७९५: अठरा पूर्णांक नऊशे सत्त्याण्णव.

"बघ! एकोणीस आंदोलनं. तू एक कमी मोजलंस." त्याचा आवाज चढला. "बॉब मधून जाताना शून्य म्हणायच्या जागी एक म्हणालीस की विसाला एकोणीसच होतात. संपलं. विसाऐवजी एकोणिसाने भाग, T बरोबर १.७९५ येतो. टाकायलाही नको, खोडायलाही नको."

मृण्मयीला हे खोडण्यापेक्षा वाईट वाटलं. "उत्तर बरोबर यावं म्हणून भाजक बदलायचा? मग साठ सेंटिमीटरलाही बदल, तिथे तर कोणी तपासलंच नाही."

"तिथे आकडे जुळलेत."

"म्हणजे जुळले की वीस, नाही जुळले की एकोणीस."

वाचनालयाचा शिपाई खिडक्या लावायला लागला होता. तिने कच्ची वही उघडली, कारण एक गोष्ट तिला पटत नव्हती. ती एकपासून मोजत असती तर पंधराच्या पंधरा रीडिंगना एकोणीसच झाली असती. मग बिंदू रेषेबाहेर पडला नसता, सगळी रेषाच सरकली असती. सवयीची चूक एकट्यादुकट्या आकड्यावर येत नाही.

कच्च्या पानावर ऐंशीची रांग होती. पहिला आणि तिसरा आकडा तिच्या अक्षरातला. मधल्या ३४.१० मधला चार वरून उघडा.

तिने वही त्याच्यापुढे सरकवली. काही बोलली नाही.

"तू व्हर्नियर आणायला गेली होतीस," तो जरा वेळाने म्हणाला. बॉबचा व्यास मोजायचा राहिला होता आणि स्टोअरच्या खिडकीवर सही करून कॅलिपर घ्यावा लागतो. "म्हटलं तोवर एक काढून ठेवू. मोजणीही मीच, घड्याळही मीच."

"शून्यापासून मोजलंस की एकपासून?"

"शून्यापासूनच मोजतात ना."

"मी तू काय केलंस ते विचारतेय."

ओंकारला खरंच आठवत नव्हतं.

सकाळी साडेनऊला प्रयोगशाळेच्या मामांनी दार उघडलं. "दहाच मिनिटं हं, दहाला दुसरी बॅच आहे." दोरा कॉर्कच्या दोन अर्ध्यांत धरून स्क्रू आवळला. दोरा ७९ सेंटिमीटर, बॉबची त्रिज्या १, मिळून ऐंशी. पाच अंशांहून कमी ओढून सोडलं, दोन-तीन हेलकावे नुसते जाऊ दिले आणि बॉब खुणेवरून उजवीकडे जाताना ओंकारने घड्याळ दाबलं.

"शून्य," तो म्हणाला.

३५.९०.

मृण्मयी हसली. "वाया गेलं."

"का? बरोबर आलं की."

"तू आता सावध होऊन मोजतोयस. त्या दिवशी कसं मोजलंस ते यातून कसं कळणार?"

"पण त्या दिवशी मी एकच म्हटलं असणार. दुसरं काही असूच शकत नाही."

"असणार. ते 'असणार' मला आकड्यात धरता येत नाही."

मामा दुसऱ्या टेबलावर स्टँड मांडत होते. ओंकारने बॉब पुन्हा ओढला. या वेळी खुणेवर तो मुद्दाम "एक" म्हणाला आणि "वीस" म्हणताना घड्याळ थांबवलं. ३४.०७. पुन्हा एकदा: ३४.१२.

"हे लिही," तो म्हणाला. "एवढं तरी खरं आहे."

हे मात्र तिला मान्य होतं. यातून त्याने त्या दिवशी काय केलं ते सिद्ध होत नव्हतं. पण तसं केलं तर बरोबर तोच आकडा येतो, आणि बाकी कारणांनी येत नाही, एवढं दाखवता येत होतं. भाजक विसाचा एकोणीस करायला ती तरीही तयार झाली नाही. शेवटच्या मिनिटापर्यंत ओंकारचं म्हणणं होतं की ती उगाच हट्ट करतेय. पाचही लांब्यांचा सरासरी g मधला आकडा धरून ९.८६ येत होता आणि वगळून ९.७९. सगळं भांडण ०.०७ साठी.

कट्ट्यावर बसून तिने निरीक्षणाच्या तक्त्यातल्या ३४.१० वर एक आडवी रेघ मारली, आकडा खालून वाचता येईल अशी. व्हाइटनर ओंकारच्या पिशवीतच राहिला. तक्त्याखाली तिने लिहिलं:

"ऐंशी सेंटिमीटर, दुसरे वाचन (३४.१० सेकंद) सरासरीत धरलेले नाही. इतर वाचनांशी फरक १.८० सेकंद, म्हणजे एका आंदोलनाएवढा. दोऱ्याची लांबी, आयाम किंवा स्टॉपवॉच यांतील चुकीने एवढी घट येत नाही. आंदोलने शून्याऐवजी एकपासून मोजली गेली असण्याची शक्यता आहे. मूळ मोजणीच्या वेळी याची नोंद केलेली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच लांबीला शून्यापासून मोजून ३५.९० आणि मुद्दाम एकपासून मोजून ३४.०७ व ३४.१२ सेकंद आले. ही तिन्ही वाचने सरासरीत घेतलेली नाहीत."

"मोजणी कोणी केली तेही लागेल," ती म्हणाली. "मोजणारा बदलला हे कारणाचाच भाग आहे."

"सर मलाच धरतील."

"मग राहू दे."

त्याने पेन घेतलं. "दुसरे वाचन" या शब्दांवर बाण काढला आणि समासात लिहिलं: मोजणी व घड्याळ, दोन्ही ओंकार. मग जर्नल मिटून दोघं जिना चढायला लागले. अकराला चार मिनिटं होती.