घरच्या ग्रुपवर, काकांच्या वेळेने

(बडोदा, रविवार सकाळ. काकांचा एकच अंगठा चालतो, तोही थरथरतो, त्यामुळे कधी अर्धाच शब्द पाठवला जातो. वहिनी म्हणजे मी, राहते मांजलपूरला. दादा हा काकांचा पुतण्या.)

८:०५ काका: सुप्

८:०६ वहिनी: आहे काका, इथेच आहे.

८:११ काका: सुप्रभात

८:११ वहिनी: सुप्रभात काका! आज सुट्टी, चहाचा कप घेऊन निवांत बसलेय.

८:१९ काका: हळू होतं ग माझं

८:२० वहिनी: होऊ दे की. 'सुप्रभात'ला आठ कळा लागतात, मी आत्ताच मोजल्या. बाकीचे लोक सकाळी एक कळ दाबून फुलांचा फोटो ढकलतात आणि मोकळे होतात. मला तुमचं लिहिलेलंच वाचायला आवडतं.

८:२८ काका: आज सुर

८:२८ दादा: सुरसागरला जायचंय? संध्याकाळी गाडी काढतो!!

८:२९ दादा: की सुरतेहून कोणी येतंय?

८:२९ वहिनी: दादा, थांब रे. काकांचं वाक्य संपायचंय अजून. तू दोन प्रश्न टाकलेस, आता त्यांनी आधी तुला उत्तर द्यायचं की आपलं पुरं करायचं?

८:३० वहिनी: काका, तुमचं चालू द्या. दादाचं नंतर बघू.

८:३७ काका: ळीच

८:३७ दादा: अच्छा, खांडवी! बरं बरं, बसलो गप्प.

८:४६ काका: ळीच्या वड्या कर

८:४७ वहिनी: वाचलं काका.

८:५४ काका: णार आहे काकू. तू ये

८:५५ वहिनी: अरे वा, येते की! 'कर' वाचून मला वाटलं मलाच करायला सांगताय, बरं झालं थांबले. माझ्या हातच्या वड्यांची गुंडाळी कधी नीट होतच नाही. अकरापर्यंत दांडिया बाजारात पोचते. ओला नारळ खवून आणू का?

८:५६ काका: 👍

९:०४ काका: कोथिबीर पन

९:०५ वहिनी: आणते. खंडेराव मार्केटवरूनच येणार आहे, ताजी बघून घेते.

९:०६ दादा: काका, सॉरी हं. मी पण येऊ का?

(मग बराच वेळ काहीच नाही. वर 'टाइप करत आहे' दिसायचं, जायचं, पुन्हा दिसायचं. दादानेही या वेळी तोंड, म्हणजे अंगठा, आवरला.)

९:२१ काका: तू सुरसागरला जा

९:२१ दादा: 😂😂 काका!!

९:२२ वहिनी: दादा, येताना चारोळीवाला मठ्ठो आण, म्हणजे बहुतेक आत घेतील.

९:२९ काका: साखर कमी