फुफ्फुसाच्या कर्करोगावरील टार्गेटेड थेरपीचा दावा नाकारल्याविरुद्ध अपील

दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५
ठिकाण : केज, जि. बीड

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

विषय : फॅमिली फ्लोटर पॉलिसीअंतर्गत माझ्या आईच्या ओसिमर्टिनिब या औषधाचा ३,०२,४०० रुपयांचा दावा दि. ३ नोव्हेंबर २०२५ च्या पत्रान्वये नाकारल्याबाबत फेरविचाराची विनंती.

महोदय,

माझी आई, श्रीमती कमलबाई माणिकराव शिंदे, वय ५८, हिला ॲडिनोकार्सिनोमा या प्रकारचा फुफ्फुसाचा कर्करोग चौथ्या टप्प्यात असल्याचे ऑगस्ट २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगर येथे झालेल्या बायोप्सीतून निष्पन्न झाले. तिच्या रुग्णालयातील मुक्कामाचे बिल आपण मंजूर केलेत, त्याबद्दल आभारी आहे. मात्र ज्या गोळ्यांवर तिचा सगळा उपचार उभा आहे, त्यांचा खर्च आपण तीन कारणे देऊन वगळला आहे : हा उपचार ‘अप्रमाणित’ असून अपवर्जन क्रमांक १६ मध्ये मोडतो, नेहमीची केमोथेरपी उपलब्ध असल्याने तो वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही, आणि गोळ्या घरी घेतल्या जात असल्याने तो बाह्यरुग्ण उपचार ठरतो. ही तिन्ही कारणे कागदपत्रांशी जुळत नाहीत.

आईच्या गाठीच्या तपासणीत ईजीएफआर जनुकात एक्झॉन १९ डिलीशन हा बदल, म्हणजे जनुकाचा एक तुकडा गळालेला, आढळला आहे. तिने आयुष्यात कधी तंबाखू किंवा विडी घेतलेली नाही, आणि धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांच्या ॲडिनोकार्सिनोमात हा बदल वारंवार सापडतो. या बदलामुळे पेशीला वाढण्याचा इशारा सतत मिळत राहतो. ओसिमर्टिनिब नेमका तोच इशारा रोखते. केमोथेरपी वेगाने वाढणाऱ्या सर्वच पेशींवर काम करते, या इशाऱ्यावर नाही. म्हणून जनुकीय तपासणीचा अहवाल हाती आल्यावर औषध निवडणे ही डॉक्टरांची वैयक्तिक पसंती नव्हती, तर त्या अहवालाला धरून घेतलेला निर्णय होता.

केमोथेरपी पुरेशी आहे, हे आपल्या पत्रातील विधान या प्रकारच्या कर्करोगापुरते मागे पडले त्याला बरीच वर्षे झाली. आशियातील रुग्णांवर झालेल्या आयपास चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ईजीएफआर बदल असलेल्या रुग्णांपैकी गेफिटिनिब ही तोच इशारा रोखणारी जुनी गोळी घेणाऱ्या ७१.२ टक्के जणांची गाठ लक्षणीय आकसली, तर कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही केमोथेरपी घेणाऱ्यांत हे प्रमाण ४७.३ टक्के होते. पुढे फ्लॉरा चाचणीत ५५६ रुग्णांवर ओसिमर्टिनिबची तुलना गेफिटिनिब आणि एर्लोटिनिब या जुन्या गोळ्यांशीच झाली, आणि आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ १०.२ महिन्यांवरून १८.९ महिन्यांवर गेला. एकूण आयुर्मानाचा मध्यकही ३१.८ वरून ३८.६ महिने झाला. म्हणजे केमोथेरपीपेक्षा सरस ठरलेल्या औषधाहूनही हे औषध सरस ठरले आहे. त्याला ‘अप्रमाणित’ म्हणण्याजोगा आधार मला कुठेही दिसत नाही. अपवर्जन क्रमांक १६ ज्यांच्या परिणामकारकतेला पुरेसा वैद्यकीय पुरावा नाही अशाच उपचारांना लागू होते. हे औषध भारतात वापरास मान्य आहे, आणि जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्या तीन कर्करोग औषधांवरील सीमाशुल्क माफ झाले त्यांत त्याचे नाव आहे.

यापुढची बाब फक्त माझ्या आईपुरती आहे आणि ती विशेष लक्ष देऊन वाचावी, अशी विनंती आहे. सप्टेंबरच्या एमआरआयमध्ये तिच्या मेंदूत दोन लहान गाठी दिसल्या. जुन्या गोळ्या मेंदूपर्यंत तुलनेने कमी पोहोचतात. फ्लॉरामध्ये मेंदू व मज्जासंस्थेत आजार वाढण्याचे प्रमाण ओसिमर्टिनिबच्या गटात ६ टक्के आणि जुन्या गोळ्यांच्या गटात १५ टक्के होते. शिवाय तिला गेली अनेक वर्षे मधुमेह आहे आणि तिचे क्रिएटिनिन १.४ असून क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची क्षमता, मिनिटाला ३५ मिलिलिटरच्या आसपास आहे. या आजारातील नेहमीच्या केमोथेरपीचा एक मुख्य घटक पेमेट्रेक्सेड हा क्लिअरन्स ४५ च्या खाली असताना देऊ नये, असे त्याच्या माहितीपत्रकातच आहे, आणि सिसप्लॅटिन तर मूत्रपिंडांवरच भार टाकते. तिच्या मूत्रपिंडांची ही स्थिती असताना ओसिमर्टिनिबची ८० मिलिग्रॅमची रोजची एक गोळी मात्रेत बदल न करता देता येते. आपल्या पत्रात सुचवलेला पर्याय तिच्यासाठी कागदावर आहे, प्रत्यक्षात नाही.

पॉलिसीतील ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार’ या व्याख्येत चार अटी आहेत : आजाराच्या व्यवस्थापनासाठी उपचाराची गरज असावी, तो व्याप्ती, कालावधी आणि तीव्रतेत गरजेपेक्षा जास्त नसावा, नोंदणीकृत डॉक्टरांनी लिहून दिलेला असावा, आणि आंतरराष्ट्रीय वैद्यकीय व्यवहारात किंवा भारतातील वैद्यक समुदायात सर्वमान्य असलेल्या मानकांशी सुसंगत असावा. तिच्या बाबतीत यांपैकी कोणती अट अपुरी राहते, ते आपल्या पत्रात सांगितलेले नाही. अमेरिकेतील एनसीसीएन आणि युरोपातील ईएसएमओ या कर्करोग उपचारविषयक दोन्ही संस्थांच्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा रुग्णांसाठी ओसिमर्टिनिब हा पहिल्या फळीचा उपचार म्हणून दिलेला आहे.

बाह्यरुग्ण उपचाराच्या आक्षेपाबाबत वस्तुस्थिती अशी आहे. छातीत पाणी झाल्याने आई १४ ते १८ सप्टेंबर या काळात दाखल होती, आणि गोळी १६ सप्टेंबरला, वॉर्डातच, सुरू झाली. तिच्या ड्रग चार्टवर परिचारिकेने सकाळी ९ वाजता दिल्याची नोंद आहे. पॉलिसीत रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या ९० दिवसांचा खर्च समाविष्ट आहे आणि नाकारलेली दोन्ही बिले त्याच मुदतीतली, त्याच आजाराची आहेत. याशिवाय, विमा नियामकाने २०१९ मध्ये अपवर्जनांचे प्रमाणीकरण करताना आधुनिक उपचारांच्या यादीत तोंडावाटे घेण्याच्या केमोथेरपीचा स्पष्ट समावेश केला आहे. औषध गोळीच्या रूपात आहे, एवढ्यावरून ते संरक्षणाबाहेर जात नाही.

उपचाराचा परिणाम १२ नोव्हेंबरच्या सीटी स्कॅनमध्ये दिसतो. उजव्या फुफ्फुसातील मुख्य गाठ ४.६ सेंटीमीटरवरून २.९ सेंटीमीटरवर आली असून छातीत पुन्हा पाणी साचलेले नाही. दाखल होताना तिला ऑक्सिजनशिवाय एक वाक्य पुरते बोलता येत नव्हते. आता ती स्वतःची आंघोळ करते, ओसरीवर बसून शेंगा फोडते, आणि मी शाळेतून आलो की दमलास का म्हणून विचारते. हे औषध मध्येच थांबले, तर आजार पुन्हा उसळेल अशी भीती तिच्या डॉक्टरांनी लेखी व्यक्त केली आहे. शिक्षकाच्या पगारात ते चालू ठेवणे आमच्या आवाक्यात नाही, आणि म्हणूनच २०१७ पासून एकही खंड न पाडता मी या पॉलिसीचा हप्ता भरत आलो आहे.

तरी माझी विनंती आहे की ३,०२,४०० रुपयांचा दावा मंजूर करावा आणि पुढील गोळ्यांसाठी पॉलिसीच्या मर्यादेत पूर्वमंजुरी द्यावी. फेरनिर्णय कर्करोगतज्ज्ञाच्या अभिप्रायावरून व्हावा. आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना शंका असल्यास आईच्या डॉक्टरांनी फोनवर चर्चेची तयारी दर्शवली आहे. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा नाकारण्यापूर्वी दावा पुनरावलोकन समितीची मान्यता लागते. ती घेतली होती का, असल्यास कोणत्या कलमाच्या आधारे, हे कळवावे. एक महिन्याच्या आत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास मला विमा लोकपालांकडे जावे लागेल. मात्र आईची पुढची बाटली संपण्याआधी हा प्रश्न आपल्याच पातळीवर सुटावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सोबत बायोप्सी व जनुकीय तपासणीचे अहवाल, मेंदूचा एमआरआय, दोन्ही सीटी स्कॅन, मूत्रपिंडाच्या तपासण्या, डिस्चार्ज कार्ड, ड्रग चार्टची प्रत, डॉक्टरांचे आवश्यकता प्रमाणपत्र, औषधांची मूळ बिले आणि आपले नकारपत्र जोडले आहे.

आपला विश्वासू,
ज्ञानेश्वर माणिकराव शिंदे
पॉलिसीधारक व रुग्णाचा मुलगा