नाव ‘इंटरनॅशनल’, ऑफिसात सात माणसं: फसवणूक समजायची का?

प्रश्न: माझी मुलगी एम.कॉम. झाली आहे. पुण्यात बाणेरला एका कंपनीत अकाउंट्स असिस्टंट म्हणून तिची निवड झाली. कंपनीच्या नावात ‘ग्लोबल’ही आहे आणि ‘इंटरनॅशनल’ही, पुढे प्रायव्हेट लिमिटेड. ती म्हणते, शेतमालाची निर्यात करतात. आम्ही विट्याहून तिच्यासोबत ऑफिस बघायला गेलो. राहत्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि सगळी मिळून सात माणसं. मालकांनी स्वतः उठून चहा विचारला. माणूस सभ्य वाटला, पण तेव्हापासून मनात पाल चुकचुकते आहे. एवढं मोठं नाव लावायला कंपनी मोठी असावी लागत नाही का? सरकार काही बघत नाही का? पुढच्या सोमवारी तिला हजर व्हायचं आहे.

उत्तर: तुमची शंका रास्त आहे. मुलीला परगावी ठेवताना बापाने एवढं बघायलाच हवं. पण सात माणसं आणि दोन खोल्या, एवढ्यावरून फसवणूक ठरत नाही.

कंपनीचं नाव मंजूर करताना सरकार तिचा आकार मोजत नाही. अर्जदार आपल्या पसंतीची नावं सुचवतो. कंपनी निबंधकाकडून मुख्यतः एवढंच तपासलं जातं, की ते नाव आधीच्या एखाद्या कंपनीशी किंवा ट्रेडमार्कशी फार मिळतंजुळतं नाही ना, आणि त्यात बंदी असलेला शब्द नाही ना. ‘बँक’ किंवा ‘इन्शुरन्स’ लावायचं तर संबंधित नियामकाची परवानगी लागते. ‘नॅशनल’, ‘सेंट्रल’, ‘कमिशन’ अशा शब्दांना केंद्र सरकारची मान्यता लागते, कारण ती सरकारी संस्था वाटू शकते. ‘इंटरनॅशनल’ आणि ‘ग्लोबल’ या यादीत नाहीत. किती देशांत शाखा आहेत, हे कुणी विचारत नाही.

तुमच्या पिढीला तसं वाटतं, त्यालाही कारण आहे. 1956च्या कंपनी कायद्याच्या काळात नाव आणि भांडवल यांची सांगड होती. ‘इंटरनॅशनल’सारखा शब्द नावात पहिलाच असेल तर किमान 1 कोटी रुपयांचं अधिकृत भांडवल दाखवावं लागे, मध्ये कुठे असेल तर 50 लाखांचं. मात्र अधिकृत भांडवल म्हणजे कंपनी जास्तीत जास्त किती रकमेचे शेअर काढू शकते, याची फक्त मर्यादा. तेवढे पैसे खात्यात असतच असं नाही. पुढे ही अट गेली. 2015च्या दुरुस्तीने प्रायव्हेट कंपनीसाठी किमान 1 लाख रुपयांच्या भरणा भांडवलाची, म्हणजे भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेल्या पैशांची, अटही काढून टाकली. आता नवरा-बायको दोघं मिळून दहा हजार रुपयांत ‘ग्लोबल’ कंपनी काढू शकतात आणि त्यात बेकायदेशीर काही नाही. कंपनीसुद्धा न काढता एकट्याच्या मालकीचा धंदा करायचा असेल, तर निबंधकाकडून नाव मंजूर करून घ्यावंच लागत नाही. आपल्याकडे गल्लोगल्ली ‘इंटरनॅशनल’ पाट्या दिसतात, त्या त्यामुळेच.

मग लोक असं नाव ठेवतात कशाला? काहींना पुढेमागे परदेशी माल पाठवायचा असतो, नाव आधीच घेऊन ठेवतात. काहींना वाटतं, दुबईच्या किंवा रॉटरडॅमच्या ग्राहकावर छाप पडेल. काहींची निव्वळ हौस. आणि उलटी उदाहरणंही बघा. पुण्याच्या भारत फोर्जच्या नावात ‘भारत’ आहे, तरी त्यांचे कारखाने जर्मनीतही आहेत. किर्लोस्कर ब्रदर्सने 2003 मध्ये इंग्लंडची एसपीपी पंप्स विकत घेतली, नावात ‘ब्रदर्स’च राहिलं.

निर्यातीच्या धंद्यात तर सात माणसं कमी नाहीत. मी अशा कंपन्यांची कागदपत्रं वर्षानुवर्षं हाताळतो, म्हणून सांगतो. समजा, नाशिकची द्राक्षं युरोपात पाठवायची आहेत. माल बागायतदाराचा. प्रतवारी आणि पॅकिंग भाड्याच्या पॅकहाऊसमध्ये. न्हावाशेवाला कस्टमचं काम क्लिअरिंग एजंट करतो, थंड कंटेनर शिपिंग कंपनीचा. निर्यातदाराच्या ऑफिसात उरतात ते कागद आणि फोन: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, रोगकीडमुक्तीचा दाखला, बिल ऑफ लेडिंग, आणि बँकेत परदेशी चलन जमा झालं का, याचा पाठपुरावा. चार माणसं हे सगळं ओढतात. तुमच्या मुलीला अकाउंट्समध्ये हे शिकायला मिळालं तर मोठ्या ऑफिसात वर्षभर नुसत्या व्हाउचरच्या नोंदी करण्यापेक्षा मला ते कितीतरी चांगलं वाटतं.

पण निर्यात खरंच होते का, हे बघायलाच हवं. घरबसल्या होईल. mca.gov.in वर कंपनीची मूलभूत माहिती फुकट बघता येते. तिथे 21 अक्षरी सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, असतो. सुरुवातीला U म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेली, मग पाच आकडी व्यवसायाचा कोड, मग MH म्हणजे महाराष्ट्र, मग स्थापनेचं साल, मग PTC म्हणजे प्रायव्हेट. त्याखाली भरणा भांडवल, संचालकांची नावं, शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा, आणि कंपनी चालू आहे की नोंदणीतून काढलेली आहे. ताळेबंद दोन-तीन वर्षांपूर्वीचा असेल तर सावध व्हा. थोडं शुल्क भरून मूळ ताळेबंद आणि नफातोटा पत्रकही उघडता येतं, त्यात उलाढाल दिसते. हे पान मुलीकडूनच वाचून घ्या, एम.कॉम. झालेल्या पोरीला जड नाही. जीएसटीच्या पोर्टलवर नोंदणी चालू आहे का, तेही बघा. ऑफर लेटरवरचं नाव आणि पोर्टलवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. पाटीवर एक आणि पगार देणारी कंपनी दुसरीच, हे मी पाहिलेलं आहे.

आयातनिर्यात कोड आहे म्हणून मालकांनी कागद दाखवला तर त्यावर भुलू नका. तो कोड ऑनलाइन अर्जावर कुणालाही मिळतो, एकही खोका न पाठवता. त्यापेक्षा गेल्या हंगामात कोणत्या देशात काय पाठवलं, हे सरळ विचारा. खरा निर्यातदार अशा प्रश्नावर तासभर बोलतो.

प्रश्न: पीएफ नाही म्हणाले. ही खोटी कंपनी असल्याची खूण का?

उत्तर: नाही. पीएफचा कायदा साधारणपणे 20 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला सक्तीने लागू होतो. सात माणसांच्या कंपनीने पीएफ दिला नाही तर नियम मोडला असं होत नाही, पण तुमच्या मुलीचं तेवढं नुकसान आहे, म्हणून पगाराच्या बोलणीत तो मुद्दा काढा. मला लहान निर्यात कंपनीत खरी भीती वेगळी वाटते. ग्राहक एक-दोनच असतात. त्यातल्या एकाने पैसे अडकवले की पगार लांबतो. मुलीने आतल्या एखाद्या कर्मचाऱ्याला एकटं गाठून विचारावं, गेल्या वर्षी पगार कधी उशिरा झाला का.

आणि ट्रेनिंग फी, डिपॉझिट, लॅपटॉपसाठी पैसे, मूळ मार्कशीट जमा करा, यातलं काहीही मागितलं तर कंपनीचं नाव कितीही साधं असो, तिथून परत या. तसं मागितलं नसेल, पगार बँकेत होणार असेल आणि वरचे कागद जुळत असतील, तर सोमवारी तिला खुशाल पाठवा.