"काही नाही जी, मॅडम"

नमस्कार मुलांनो. आज गारठा आहे, फरशीही थंड आहे, म्हणून परिपाठ फार लांबवणार नाही. सोमवारपासून दहावीची पूर्वपरीक्षा आहे. त्याआधी तुमच्याशी एक बोलायचं आहे.

मागच्या वर्षी माझ्या वर्गातला एक मुलगा गणिताच्या प्रत्येक तासाला पाणी भरायला जायचा. मी रागवायचे. एक दिवस त्याला नळापाशीच गाठलं. बाटली काठोकाठ भरलेली, आणि हात इतका थरथरत होता की झाकण लागेना. "काय झालं रे?" तर म्हणाला, "काही नाही जी, मॅडम." मी तिथेच पायरीवर बसले. तोही बसला. बऱ्याच वेळानं बोलला, "गणिताचा तास आला की पोटात कसंतरीच होते." मग बाकीचं आलं. थकलेली ट्यूशनची फी, बाबांचं सुटलेलं काम, रात्र रात्र न लागणारी झोप. आणि मी त्याला तीन महिने कामचुकार समजत होते! ते मला अजून लागतं.

छातीत धडधड, तळहाताला घाम, पोटात गोळा, ही नाटकं नसतात. भीती वाटली की शरीरात ॲड्रेनलिन वाढतं, त्यानं हे होतं. पेपरच्या आधी थोडंफार सगळ्यांनाच होतं. पण झोप, जेवण, खेळणं दोन-दोन आठवडे बिघडलं असेल, तर एकट्यानं रेटू नका.

सगळं नीट मांडून सांगायची गरज नाही. "मला बरं वाटत नाहीये, का ते कळत नाही," एवढं पुरे. आईच्या डोळ्यांत बघून सांगवत नसेल तर ती भाजी निवडताना शेजारी बसून सांगा, नाहीतर चिठ्ठी लिहा. कोणी "एवढ्याचं काय टेन्शन घेतो" म्हणून उडवून लावलं, तर दुसऱ्या मोठ्या माणसाकडे जा. तुमचं सांगणं चुकलेलं नसतं.

डायरीच्या मागच्या पानावर लिहून घ्या: १४४१६. ही सरकारची टेलिमानस सेवा, मनाला त्रास होत असेल तेव्हा बोलण्यासाठी. फोन फुकट आहे, रात्री दोनलाही लागतो, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ पण आहे.

आणि मैत्रीण किंवा मित्र मरणाची भाषा करत असेल, "कोणाला सांगू नको, तुला शपथ आहे" म्हणत असेल, तर ती शपथ मोडा. त्याला एकटं सोडू नका, लगेच मोठ्या माणसाला सांगा. तो चिडेल, अबोला धरेल. धरू द्या.

माझ्याकडे आलात तर तुमची गोष्ट स्टाफरूममध्ये फिरणार नाही. फक्त कोणाच्या जिवाला धोका असेल तर मला ती पुढे सांगावी लागेल, आणि तेही आधी तुम्हाला सांगूनच. मधल्या सुट्टीत मी रोज वाचनालयाशेजारच्या खोलीत असते. डबा घेऊन या.