अकराचा पेपर, रात्रीचे साडेनऊ

(हॉस्टेलची खोली. पलंगावर लॅपटॉप, त्यात सरांनी पाठवलेल्या २२ स्लाइड्स. मुग्धा समजावतेय, ऋतुजा वही घेऊन बसलीय.)

ऋतुजा: पहिल्या तीन स्लाइड्स सोडूया?

मुग्धा: सोड. सरासरी, मध्यक, बहुलक तुला येतं. चौथी उघड. एसटी किती मिनिटं उशिरा आली, पाच दिवसांची नोंद आहे: १२, १५, ११, १८, १४. सरासरी?

ऋतुजा: बेरीज ७०, म्हणजे १४.

मुग्धा: आता प्रत्येकातून १४ वजा कर.

ऋतुजा: उणे २, १, उणे ३, ४, ०. बेरीज शून्य आली. चुकलं का?

मुग्धा: ती शून्यच येते, दरवेळी. नाही आली तर सरासरी चुकली असं समज, फुकटचा ताळा आहे तो. पण म्हणूनच या फरकांची नुसती सरासरी काढून उपयोग नाही, उणे आणि अधिक एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून वर्ग करायचे.

ऋतुजा: ४, १, ९, १६, ०. एकूण ३०. भागिले ५, म्हणजे ६. झालं स्टँडर्ड डेव्हिएशन.

मुग्धा: व्हेरियन्स झाला. ६ कसले?

ऋतुजा: मिनिटं.

मुग्धा: मिनिटांचे वर्ग. मिनिटात यायचं तर वर्गमूळ काढ: २.४५. हे प्रमाण विचलन. वर्गमूळ विसरणं हीच सगळ्यात जास्त होणारी चूक, म्हणून उत्तरापुढे एकक लिहायची सवय लाव. ‘मिनिट वर्ग’ असं लिहिताना हात आपोआप थांबतो.

ऋतुजा: मग सहाव्या स्लाइडवर याच आकड्यांचं २.७४ का आलंय?

मुग्धा: तिथे ५ ऐवजी ४ ने भागलंय. ३० भागिले ४, साडेसात, त्याचं वर्गमूळ २.७४. पाच दिवस हीच सगळी माहिती असेल तर n. पाच दिवस हा नमुना असेल आणि त्यावरून वर्षभराचा अंदाज करायचा असेल तर n − १.

ऋतुजा: एक कमी का पण? हे मी दरवर्षी पाठ करते आणि दरवर्षी विसरते.

मुग्धा: पाठ करू नकोस, करून बघ. समज वर्षभराची खरी सरासरी १५ आहे, जी आपल्याला माहीत नाही. १५ पासूनचे फरक घे आणि वर्ग कर.

ऋतुजा: ९, ०, १६, ९, १. पस्तीस.

मुग्धा: १४ पासून तीस, १५ पासून पस्तीस. १३ घेतलंस तरी पस्तीसच. नमुन्याची सरासरी नमुन्याच्या इतकी मधोमध बसते की तिथून बेरीज सगळ्यात लहान येते. म्हणजे पसरण खऱ्यापेक्षा कमी दिसते. लहान संख्येने भागून ती तूट भरायची. आणि एकच का, तर फरकांची बेरीज शून्य असल्यामुळे चार कळले की पाचवा ठरलेलाच असतो. मोकळे चारच.

ऋतुजा: हं. हे आता विसरणार नाही. लघुसूत्र वापरू का? वर्गांची बेरीज १०१०, भागिले ५, २०२, वजा १४ चा वर्ग १९६, सहा.

मुग्धा: सरासरी पूर्ण संख्या असेल तर खुशाल. १४.३३३ आली आणि तू १४.३ धरलीस, तर वर्गातच ०.९५ चा फरक पडतो. वजाबाकी तेवढीच लहान असते, सगळं उत्तर वाहून जातं.

ऋतुजा: कॅल्क्युलेटरवर ताळा करेन. माझा fx-82MS आहे.

मुग्धा: MODE, मग 2. त्यानंतर, आकडे देण्याआधी, SHIFT, CLR, 1, = दाबून जुने आकडे पुसून टाक, नाहीतर मागच्या गणिताचे आकडे आतच राहतात. मग प्रत्येक आकडा देऊन M+. SHIFT 2 मध्ये दुसरा पर्याय n चा, तिसरा n − १ चा.

ऋतुजा: नववी स्लाइड. प्रसामान्य वितरणाची घंटा आली. हा नोटेचा फोटो कशाला टाकलाय सरांनी?

मुग्धा: जर्मनीची जुनी दहा मार्कची नोट. गणितज्ञ गाउसचं चित्र आणि त्याच्या बाजूला हाच वक्र. परीक्षेला नाही, पण भारी आहे. खालचं बघ: μ म्हणजे घंटेचं शिखर कुठे, σ म्हणजे घंटा किती पसरट. शिखरापासून एक σ वर वक्राचा बाक पलटतो, चित्र काढताना तिथेच खूण कर. एक σ च्या आत ६८ टक्के, दोनच्या आत ९५, तीनच्या आत ९९.७.

ऋतुजा: कुठलेही आकडे असले तरी?

मुग्धा: नाही! घंटा असेल तरच. उत्पन्न, वाट बघण्याचा वेळ, असले आकडे बरेचदा उजवीकडे लांब शेपूट काढतात. सरासरी २० मिनिटं आणि σ १५ दिली, तर दोन σ मागे गेल्यावर उणे १० मिनिटं. उणे वाट कोण बघतं? तिथे प्रसामान्य वितरण लावायचं नाही, हे एका मार्काला विचारतात.

ऋतुजा: बारावी. ५०० विद्यार्थी, गुण N(60, 64). ७२ च्या वर किती? z = (७२ − ६०) / ६४, म्हणजे ०.१९...

मुग्धा: थांब. कंसातला दुसरा आकडा व्हेरियन्स. σ आठ. तुझ्या ०.१९ ने गेलं तर ५०० पैकी २१२ जण ७२ च्या वर येतात. सरासरी ६० असताना जवळजवळ निम्मा वर्ग?

ऋतुजा: १२ भागिले ८, दीड. तक्त्यात ०.४३३२. गुणिले ५००...

मुग्धा: आधी चित्र. चित्राशिवाय तक्त्याला हात लावू नकोस, मी हे चार वेळा सांगणार आहे. घंटा काढ, मधे ६०, उजवीकडे ७२, हवा तो भाग रंगव.

ऋतुजा: शेपटी रंगवली.

मुग्धा: ०.४३३२ हे मधल्या रेषेपासून ७२ पर्यंतचं. शेपटी हवी तर ०.५ मधून वजा: ०.०६६८. गुणिले ५००, ३३.४, साधारण ३३ विद्यार्थी. आणि तक्ते दोन तऱ्हेचे असतात. उद्या हातात आल्यावर पहिली ओळ बघ. z शून्यला ०.०००० असेल तर आपला, मधल्या रेषेपासूनचा. ०.५००० असेल तर डाव्या टोकापासूनचा, त्यात दीडला ०.९३३२ दिसेल, मग १ मधून वजा.

ऋतुजा: ५२ ते ७२?

मुग्धा: तूच सांग, चित्र बघून.

ऋतुजा: रेषेच्या दोन्ही बाजूंना आहे, म्हणजे बेरीज. z उणे १ ला ०.३४१३, अधिक ०.४३३२, ०.७७४५. आणि ६६ ते ७२ एकाच बाजूला, म्हणजे वजाबाकी. पाऊणला ०.२७३४... ०.१५९८.

मुग्धा: आलं की तुला. आता उलटा प्रश्न, सोळावी स्लाइड. वरच्या दहा टक्क्यांत यायला किती गुण?

ऋतुजा: ०.१० तक्त्यात शोधू?

मुग्धा: चित्र.

ऋतुजा: शेपटी ०.१०, म्हणजे रेषेपासून ०.४०. तक्त्याच्या पोटात ०.४० च्या जवळ ०.३९९७, z १.२८. साठ अधिक १.२८ गुणिले ८, ७०.२४.

मुग्धा: बरोबर. शेवटचं, ४६ च्या खाली किती जण?

ऋतुजा: z उणे १.७५, तक्त्यात ०.४५९९, अधिक ०.५, म्हणजे ०.९५९९, ४८० जण. थांब, थांब. चित्र काढलंच नाही. डावी शेपटी... ०.०४०१. वीस जण.

मुग्धा: ती पेन्सिल उद्या पेनाच्या आधी काढ. चल, मेस बंद व्हायच्या आत जेवून येऊ.